वार्षिक विवरणपत्रांना झालेला विलंब : निबंधकांना लिहायच्या पत्रात सवलत कशी मागावी?

कोथरूडची_सचिव (धागाकर्ती), ६ मार्च २०२५

नमस्कार. चाकण परिसरात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत मी ३ फेब्रुवारीला कंपनी सचिव म्हणून रुजू झाले. कंपनीचे भरणा झालेले भांडवल १२ कोटी रुपये आहे. २०२३-२४ या वर्षाची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबर २०२४ रोजी रीतसर झाली, हिशेब मंजूर झाले आणि इतिवृत्तही व्यवस्थित आहे. परंतु त्यानंतर दाखल व्हायला हवी होती ती वित्तीय विवरणपत्रे (एओसी-४, एक्सबीआरएलमध्ये) आणि वार्षिक विवरणपत्र (एमजीटी-७) आजतागायत दाखल झालेली नाहीत.

निबंधक कार्यालयाची २४ फेब्रुवारीची नोटीस आली असून तिचे उत्तर १५ दिवसांत, म्हणजे ११ मार्चपर्यंत द्यायचे आहे. व्यवस्थापकीय संचालकांची इच्छा आहे की मी एक नम्र पत्र लिहून सवलत मागावी. पत्र इंग्रजीतच जाईल, पण संचालकांना वाचण्यासाठी मराठी मसुदा केला आहे, तो असा :

"मा. कंपनी निबंधक, पुणे यांस सविनय सादर. आमच्या कंपनीचे पूर्वीचे सचिव दि. १८ ऑक्टोबर २०२४ रोजी अचानक नोकरी सोडून गेल्यामुळे, तसेच पोर्टलवरील तांत्रिक अडचणींमुळे, सन २०२३-२४ ची विवरणपत्रे सादर करण्यास अनवधानाने विलंब झाला आहे. त्यामागे कोणताही गैरहेतू नव्हता. विवरणपत्रे लवकरात लवकर सादर करण्यात येतील. तरी अतिरिक्त शुल्क व दंड माफ करून आमच्या प्रकरणाचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा, ही नम्र विनंती."

हे पुरेसे आहे का? भाषा आणखी नम्र करावी का, की कारणे वाढवावीत? अनुभवी सभासदांनी मार्गदर्शन करावे.

हिशेबनीस

पत्र चांगले आहे. माझ्या मते त्यात कंपनीचा आकार, हा पहिलाच विलंब असल्याची बाब आणि विलंबामुळे कोणाचेही नुकसान न झाल्याची बाब आवर्जून घालावी, कारण दंड ठरवताना अधिकारी या गोष्टी विचारात घेतात, असे नियमातच लिहिलेले आहे. त्या आधारे दंड निम्म्यावर येऊ शकतो. शिवाय हे प्रकरण हलके घेऊ नका, कारण विवरणपत्रे न भरल्यास संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात.

पार्किंगचा_प्रश्न

आमच्या सोसायटीच्या बाबतीत असेच झाले होते. उपनिबंधकांनी कलम ७९ खाली विवरणे मागवली, आम्ही सगळे जण वॉर्ड ऑफिसात जाऊन आलो, तिथल्या साहेबांनी चहा पाजला आणि पुढच्या महिन्यापर्यंत मुदत दिली. तुम्हीही प्रत्यक्ष जाऊन भेटा. पत्रापेक्षा भेट केव्हाही बरी. लेखापरीक्षकांचे नाव पॅनेलवर आहे ना, तेवढे मात्र तपासून घ्या.

शंकासूर

काका, त्या कंपनी सचिव आहेत, सोसायटीच्या सेक्रेटरी नव्हेत. त्यांचे निबंधक वेगळे, तुमचे वेगळे. चहाची प्रथा दोन्हीकडे सारखी आहे की नाही, याची मात्र मला कल्पना नाही.

पार्किंगचा_प्रश्न

अस्सं! मी 'सचिव' आणि 'निबंधक' एवढेच वाचून उत्तर दिले. तरी धागा वाचत राहतो, आमच्या इमारतीत दोन कंपन्यांची नोंदणीकृत कार्यालये आहेत.

आकुर्डीच्या_वाटेवर

मी गेली बरीच वर्षे पुण्यात व्यावसायिक कंपनी सचिव म्हणून काम करतो आणि अशी पत्रे मी पुष्कळ लिहिली आहेत. कोथरूडची_सचिव, तुमच्या पत्राची भाषा नम्र आहे. अडचण भाषेत नसून मागणीत आहे. निबंधकांना जे देण्याचा अधिकारच नाही ते तुम्ही मागत आहात आणि कायदा जे आपणहून देतो त्याचा उल्लेखही पत्रात नाही.

अतिरिक्त शुल्काचे आधी पाहू. १ जुलै २०१८ पासून या दोन्ही फॉर्मना दररोज १०० रुपये अतिरिक्त शुल्क लागते आणि त्याला कमाल मर्यादा नाही. ते पोर्टल स्वतः मोजते आणि भरल्याशिवाय फॉर्म स्वीकारत नाही. ते माफ करण्याचा अधिकार निबंधकांना नाही, त्यामुळे ती विनंती वाचणारा अधिकारी, कितीही सहृदय असला, तरी काहीही करू शकत नाही. ते वाक्य काढून टाका. त्या वाक्यामुळे एवढेच कळते की पत्र लिहिणाऱ्याने कलम ४०३ वाचलेले नाही.

दंडाची गोष्ट वेगळी आहे. २०२० च्या दुरुस्ती कायद्याने कलम ४५४ च्या पोटकलम ३ ला एक परंतुक जोडले आहे. कसूर कलम ९२(४) ची किंवा कलम १३७ च्या पहिल्या दोन पोटकलमांची असेल, आणि न्यायनिर्णय अधिकाऱ्याची नोटीस निघण्यापूर्वी किंवा निघाल्यापासून ३० दिवसांच्या आत ती दुरुस्त केली, तर कोणताही दंड लावला जात नाही आणि त्या कसुरीपुरती कारवाई संपुष्टात आल्याचे मानले जाते. ही अधिकाऱ्याची कृपा नसून कायद्याचाच आदेश आहे. तुमची नोटीस २४ फेब्रुवारीची असल्यामुळे हे ३० दिवस २६ मार्चला संपतात. त्याआधी दोन्ही फॉर्म गेले, तर सवलत मागण्याचे कारणच उरत नाही. तुमच्या पत्राने फक्त एवढेच सांगायचे की कसूर अमुक तारखेला दुरुस्त झाली असून परंतुकानुसार कारवाई समाप्त झाल्याची नोंद घ्यावी.

म्हणून "लवकरात लवकर सादर करण्यात येतील" हे वाक्य या पत्रातले सर्वांत महागडे वाक्य आहे. आधी फॉर्म दाखल करा आणि मग पत्र लिहा.

मात्र दोन गोष्टी आजच तपासा. आलेली नोटीस खरोखर कलम ४५४ खालची न्यायनिर्णयाची नोटीस आहे, की नुसते माहिती मागवणारे पत्र आहे? माहिती मागवणारे पत्र असेल, तर ३० दिवस अजून सुरूच झालेले नाहीत आणि तुम्ही आणखी सुरक्षित आहात. दुसरे असे की मुदत नोटीस निघाल्यापासून मोजायची आहे, तुम्हाला ती मिळाल्यापासून नव्हे.

शंकासूर

सभा ३० सप्टेंबरला झाली, तर एओसी-४ ची शेवटची तारीख २९ ऑक्टोबर की ३० ऑक्टोबर? आमच्या कार्यालयात यावरून दरवर्षी वाद होतो.

आकुर्डीच्या_वाटेवर

सभेचा दिवस वगळून मोजायचे, म्हणून ३० ऑक्टोबर, आणि एमजीटी-७ ला ६० दिवस असल्यामुळे २९ नोव्हेंबर. पुष्कळ जण सावधगिरी म्हणून एक दिवस आधीची तारीख धरतात, त्यात काही बिघडत नाही. पत्रात मात्र खरी तारीखच लिहावी, उगाच स्वतःच्या विलंबात एका दिवसाची भर घालू नये.

कोथरूडची_सचिव

मनःपूर्वक आभार. नोटीस कलम ४५४ खालचीच आहे आणि ई-न्यायनिर्णय पोर्टलवरून आली आहे. ती पूर्वीच्या सचिवांच्या नावाने असलेल्या कार्यालयीन ईमेलवर पडून होती. तो ईमेल आता कोणी उघडत नव्हते, केवळ संगणक विभागाने तो माझ्याकडे वळवल्यामुळे काल दिसली.

म्हणजे दहा दिवस आधीच गेले आहेत. एक्सबीआरएलचे काम आठवड्याभरात होईल, असे ते करणाऱ्यांनी सांगितले आहे. पण उत्तराची मुदत ११ मार्च आहे आणि तोपर्यंत फॉर्म जाणार नाहीत. मग काय करावे?

आकुर्डीच्या_वाटेवर

११ तारखेपूर्वी पोर्टलवरच चार ओळींचे उत्तर द्या, विवरणपत्रे तयार होत असल्याचे कारण द्या आणि उत्तरासाठी मुदतवाढ मागा. पुरेसे कारण दिसल्यास आणखी १५ दिवसांपर्यंत मुदत वाढवण्याची तरतूद नियमात आहे. पण येथे एक सापळा आहे, तो लक्षात ठेवा. वाढते ती उत्तराची मुदत. दुरुस्तीचे ३० दिवस त्यामुळे वाढत नाहीत. मुदतवाढ मिळाली म्हणून निर्धास्त बसलेली आणि २६ तारीख हुकवलेली कंपनी मी पाहिलेली आहे.

आणि कागदी पत्र घेऊन आकुर्डीला हेलपाटा घालू नका. १६ सप्टेंबर २०२४ पासून न्यायनिर्णयाची सगळी कार्यवाही ऑनलाइन झाली आहे. नोटीस, उत्तर, सुनावणी, आदेश हे सगळे पोर्टलवरच होते. आवक शिक्का मारलेली प्रत फायलीत छान दिसते, परंतु अधिकाऱ्यासमोरच्या प्रकरणात ती जोडली जाईलच, असे नाही.

हिशेबनीस

परंतुकाची बाब मान्य. पण समजा २६ मार्च हुकली, तर माझा मुद्दा लागू होतोच ना? आकार, पुनरावृत्ती, नुकसान हे घटक नियमात स्पष्टपणे दिलेले आहेत.

आकुर्डीच्या_वाटेवर

घटक दिलेले आहेत, हे बरोबर आहे, परंतु ते अधिकाऱ्याला रक्कम ठरवण्याची मोकळीक असते अशा कसुरींसाठी आहेत. कायद्याने ठरावीक रक्कम सांगितली असेल, तर तीच लावावी लागते, असेही त्याच नियमांत पुढे म्हटले आहे. येथे रक्कम ठरावीकच आहे : १०,००० रुपये आणि कसूर चालू राहिल्यास दररोज १०० रुपये, कंपनीसाठी कमाल २ लाख आणि अधिकाऱ्यासाठी कमाल ५०,०००.

कोथरूडची_सचिव यांच्याच कंपनीचे उदाहरण घेऊ आणि दोन्ही फॉर्म १४ एप्रिलला गेले, असे धरू. एओसी-४ ला १६६ दिवसांचा विलंब होतो, म्हणजे दंड २६,६०० रुपये. तो कंपनीला, व्यवस्थापकीय संचालकांना आणि मुख्य वित्त अधिकाऱ्यांना वेगवेगळा लागतो, म्हणजे ७९,८०० रुपये. एमजीटी-७ ला १३६ दिवस होतात, म्हणजे २३,६०० रुपये. येथे मात्र प्रत्येक कसूरदार अधिकारी धरला जातो, त्यामुळे कंपनी, व्यवस्थापकीय संचालक, वित्त अधिकारी आणि सचिव मिळून ९४,४०० रुपये. बेरीज १,७४,२०० रुपये. आणि तेच फॉर्म १४ मार्चला गेले, तर दंड शून्य, फक्त अतिरिक्त शुल्क १३,५०० आणि १०,५०० असे २४,००० रुपये. हा आकडा व्यवस्थापकीय संचालकांना दाखवा. अधिकाऱ्यांवरचा दंड त्यांनी स्वतःच्या खिशातून भरावा, असे आदेशात सहसा लिहिलेले असते, हेही सांगा. एक्सबीआरएलचे काम आठवड्याऐवजी चार दिवसांत होईल.

संचालकांच्या अपात्रतेबाबत : ती सलग तीन आर्थिक वर्षे विवरणपत्रे न भरल्यास येते. एका वर्षाच्या विलंबाने येत नाही.

हिशेबनीस

तीन वर्षांची अट माझ्या लिहिण्यात राहून गेली, हे खरे. परंतु प्रादेशिक संचालकांकडे अपील केल्यावर दंड कमी झाल्याचे आदेश मी स्वतः वाचले आहेत, तेव्हा सहानुभूती अगदीच निरुपयोगी आहे, असे म्हणता येणार नाही.

आकुर्डीच्या_वाटेवर

तेही खरे आहे. आदेशानंतर ६० दिवसांत प्रादेशिक संचालकांकडे अपील करता येते, आणि त्यांना आदेश कायम करणे, बदलणे किंवा रद्द करणे, असे तिन्ही अधिकार आहेत. तुम्ही सांगितलेले घटक तिथे मांडा. पहिल्या पायरीवर ते घातले तर वाया जातात एवढेच.

मांजराकाठ

मध्येच विचारतो, क्षमा असावी. लातूर जिल्ह्यात आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे. २०२२-२३ आणि २०२३-२४ अशा दोन्ही वर्षांचे काहीही भरलेले नाही. आम्हाला अजून नोटीस आलेली नाही. संचालक सगळे शेतकरी आहेत आणि जे पूर्वी कागदपत्रे पाहत, त्यांनी फोन उचलणे बंद केले आहे. आम्हीही असेच पत्र लिहून माफी मागावी का? मधूनमधून सरकार माफीची योजना आणते, असेही कोणी सांगितले, तेव्हा तिची वाट पाहावी का?

वसईचा_वकील

योजना येतात हे खरे आहे. २०१८ मध्ये अपात्र संचालकांसाठी आणि २०२० मध्ये कोविडच्या काळात सर्व कंपन्यांसाठी आल्या होत्या, आणि २०२० च्या योजनेत अतिरिक्त शुल्कही माफ झाले होते. परंतु त्या केंद्राच्या परिपत्रकाने येतात, कोणा एका कंपनीच्या पत्राने नव्हे. दररोज प्रत्येक फॉर्ममागे १०० रुपये चढत असताना पुढची योजना येईल म्हणून थांबणे म्हणजे रिक्षाचे मीटर चालू ठेवून पेट्रोल स्वस्त होण्याची वाट पाहणे होय.

आकुर्डीच्या_वाटेवर

मांजराकाठ, तुमचे प्रकरण धागाकर्तीच्या प्रकरणापेक्षा गंभीर आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. पत्र लिहू नका, विवरणपत्रे भरा. नोटीस आलेली नसणे ही तुमच्या फायद्याची गोष्ट आहे, कारण नोटिशीपूर्वी दुरुस्ती केली तरी तेच परंतुक लागू होते. २०२२-२३ च्या प्रत्येक फॉर्मचे अतिरिक्त शुल्क आता पन्नास हजारांच्या आसपास पोचले असेल, ते टळणार नाही. मात्र २०२४-२५ चेही राहिले, तर सलग तीन वर्षे होतील आणि तुमचे सगळे शेतकरी संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतील. उत्पादक कंपनीला दंडाच्या बाबतीत कलम ४४६ब खाली निम्म्याची सवलत आहे, पण अपात्रतेत अशी कोणतीही सवलत नाही.

त्याआधी एक प्रश्न : सभा झाल्या होत्या का? हिशेब तपासले गेले होते का?

मांजराकाठ

एक सभा झाली होती. दुसऱ्या वर्षीची झाली की नाही, यावर गावात दोन मते आहेत.

शंकासूर

इतिवृत्ताच्या वहीचे मत काय आहे?

मांजराकाठ

वही त्यांच्याकडेच आहे, जे फोन उचलत नाहीत.

आकुर्डीच्या_वाटेवर

मग कृपया वेगळा धागा काढा, कारण सभाच झाली नसेल तर तो निराळा अपराध आहे, त्याला कलम ९९ लागते आणि तिथे हे परंतुक उपयोगी पडत नाही. न झालेली सभा कागदावर झालेली दाखवण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मात्र ऐकू नका. सभा झाली नसली तरी हिशेब कारणांच्या निवेदनासह दाखल करण्याचा मार्ग कलम १३७(२) मध्येच आहे.

वसईचा_वकील

आता मूळ पत्राकडे. मला खटकले ते पूर्वीच्या सचिवांवर टाकलेले खापर. ते १८ ऑक्टोबरला गेले. एओसी-४ ची मुदत ३० ऑक्टोबरला आणि एमजीटी-७ ची २९ नोव्हेंबरला संपली. म्हणजे दोन्ही मुदती संपल्या तेव्हा ते नोकरीत नव्हतेच. ज्या दिवशी कसूर सुरू झाली त्या दिवशी जो माणूस कंपनीत नव्हता, त्याच्याकडे बोट दाखवणारे पत्र वाचणारा कोणीही विचारील की बाकीचे काय करत होते.

शिवाय सचिव नव्हता, हे कारण कायद्याने टिकत नाही. एओसी-४ ला सचिवाची सही लागतच नाही, संचालकाची सही आणि व्यावसायिकाचे प्रमाणपत्र पुरते. एमजीटी-७ ला सचिवाची सही लागते, परंतु कंपनीत सचिव नसेल तर व्यवसाय करणाऱ्या कंपनी सचिवाने सही करावी, असे कलम ९२ मध्येच म्हटले आहे. रिक्त जागा भरण्यासाठी सहा महिने मिळतात, ती मुदत तुम्ही पाळली आहे, पण तिचा आणि विवरणपत्रांचा संबंध नाही.

कोथरूडची_सचिव

हे माझ्या लक्षात आले नव्हते, धन्यवाद. वित्त विभागाशी बसून खरी कारणे काढली, ती येथे सांगते. एक्सबीआरएल करून देणाऱ्यांचे मागील वर्षाचे बिल थकले होते, म्हणून त्यांनी यंदाचे काम हातीच घेतले नाही. एमजीटी-७ साठी आमच्या भांडवलामुळे व्यावसायिक सचिवांचे एमजीटी-८ प्रमाणपत्र लागते. जूनमध्ये झालेल्या भाग हस्तांतरणाची नोंद सभासद नोंदवहीत नव्हती, म्हणून त्यांनी सही करण्यास नकार दिला. भरीत भर म्हणून व्यवस्थापकीय संचालकांच्या डिजिटल सहीची मुदत नोव्हेंबरमध्ये संपली आणि ती जानेवारीत नवी झाली. पोर्टलची अडचण आली होती का, याचा कोणताही पुरावा मला सापडला नाही.

आता प्रश्न असा की हे सगळे पत्रात लिहायचे का? थकलेले बिल लिहिण्यास संचालकांचा ठाम विरोध आहे.

हिशेबनीस

बिलाचे मुळीच लिहू नका. पोर्टलचे कारण राहू द्या, ते सगळेच देतात आणि कोणी तपासत नाही.

आकुर्डीच्या_वाटेवर

येथे मी तीव्र असहमती नोंदवतो. पोर्टलची अडचण आली होती असे म्हटले, तर तक्रार क्रमांक कुठे आहे, हा पहिला प्रश्न येतो. खरोखर अडचण आली असती, तर मदतकक्षाकडे नोंदवलेली तक्रार आणि पडद्याचे छायाचित्र तुमच्याकडे असते. शिवाय ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये याच पोर्टलवर हजारो कंपन्यांनी फॉर्म भरले आहेत. हे पत्र कायमचे प्रकरणात राहते आणि पुढे अपिलात गेलात, तर त्यातले प्रत्येक वाक्य तुमच्याविरुद्ध वाचता येते. कंपनी सचिवाने खोटे विधान सही करून द्यावे, इतके मोठे कारण येथे नाही.

बिलाबाबत संचालकांचे म्हणणे मात्र मला मान्य आहे. खोटे न लिहिणे ही एक गोष्ट आहे आणि सगळे लिहिणे ही दुसरी. "एक्सबीआरएल रूपांतराचे काम सेवा देणाऱ्या संस्थेकडून वेळेत होऊ शकले नाही" एवढे सत्य आहे आणि पुरेसे आहे. सगळा दोष संस्थेवर जाईल, असे मात्र लिहू नका.

वसईचा_वकील

मी तर म्हणेन की परंतुकाचा आधार घ्यायचा असेल, तर कारणे लिहिण्याचीच गरज नाही. दुरुस्ती मुदतीत झाली की नाही, एवढाच प्रश्न आहे. कारणे लिहून स्वतःहून प्रश्नांना आमंत्रण का द्यावे? भाग हस्तांतरणाची नोंद उशिरा झाली, हे लिहिले तर वेगळ्याच कलमाची नोटीस येण्याची शक्यता आहे.

आकुर्डीच्या_वाटेवर

काही अधिकारी कारणे विचारतातच, म्हणून मी दोन ओळी घालतो. पण हस्तांतरणाबाबतचा आपला मुद्दा योग्य आहे. "प्रमाणपत्रासाठी आवश्यक अभिलेखांची पडताळणी पूर्ण होण्यास वेळ लागला" हे त्याऐवजी चालेल. नोंदवहीतली त्रुटी दूर करायचीच आहे, पण तो या पत्राचा विषय नाही.

निगडीची_नवशिकी

माझा प्रश्न वेगळा आहे. कोथरूडची_सचिव ३ फेब्रुवारीला रुजू झाल्या. त्यांच्या रुजू होण्यापूर्वीच्या कसुरीसाठी त्यांना कसूरदार अधिकारी कसे धरता येईल? मी पुढच्या महिन्यात अशाच एका कंपनीत जाणार आहे, म्हणून विचारते.

वसईचा_वकील

रुजू होण्यापूर्वीच्या काळासाठी धरता येऊ नये. कसूर झाली तेव्हा जो पदावर नव्हता, त्याला तिचा दंड लावणे न्याय्य नाही.

आकुर्डीच्या_वाटेवर

मला इतके निश्चितपणे म्हणता येत नाही. कसूर रोज चालू आहे आणि त्या आल्या त्या दिवसापासून ती त्यांच्या पदावर असतानाही चालू आहे. काही आदेशांत रुजू झाल्यापासूनचे दिवस मोजलेले दिसतात, तर काहींत सरसकट मोजलेले. मूळ १०,००० रुपये अशा नव्या अधिकाऱ्याला लागावेत का, यावरही मतभेद आहेत. निगडीची_नवशिकी, तुम्ही रुजू होण्याआधीच कंपनीचा सार्वजनिक तपशील पोर्टलवर पाहा. शेवटचा ताळेबंद कोणत्या तारखेचा दाखल आहे, हे तिथे दिसते. उशीर दिसला, तर रुजू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात संचालक मंडळाला लेखी कळवा. पुढे वाद झालाच तर ती तारीख तुमच्या बाजूने बोलेल.

कोथरूडची_सचिव, १५ मार्च २०२५

सर्वांचे आभार. ११ तारखेपूर्वी पोर्टलवर मुदतवाढीची विनंती केली. दंडाचा तो हिशेब व्यवस्थापकीय संचालकांना दाखवल्यावर थकलेले बिल त्याच दिवशी चुकते झाले. नोंदवही अद्ययावत केली, एमजीटी-८ मिळाले आणि काल, १४ मार्चला, दोन्ही फॉर्म दाखल झाले. पत्राचा नवा मसुदा असा :

"मा. कंपनी निबंधक तथा न्यायनिर्णय अधिकारी, पुणे. विषय : दि. २४ फेब्रुवारी २०२५ ची नोटीस, कलम ९२(४) व १३७(१). महोदय, आमच्या कंपनीची सन २०२३-२४ ची वार्षिक सर्वसाधारण सभा दि. ३० सप्टेंबर २०२४ रोजी झाली. त्यानुसार वित्तीय विवरणपत्रे दि. ३० ऑक्टोबर २०२४ पर्यंत व वार्षिक विवरणपत्र दि. २९ नोव्हेंबर २०२४ पर्यंत दाखल होणे आवश्यक होते. ती त्या मुदतीत दाखल झाली नाहीत, हे कंपनीस मान्य आहे. एक्सबीआरएल रूपांतराचे काम वेळेत पूर्ण होऊ शकले नाही व प्रमाणपत्रासाठी आवश्यक अभिलेखांच्या पडताळणीस वेळ लागला. दोन्ही विवरणपत्रे दि. १४ मार्च २०२५ रोजी, अनुक्रमे १३५ व १०५ दिवसांच्या अतिरिक्त शुल्कासह, दाखल करण्यात आली असून पावत्या सोबत जोडल्या आहेत. सदर कसूर नोटीस निर्गमित झाल्यापासून ३० दिवसांच्या आत दुरुस्त झाली असल्याने कलम ४५४(३) च्या परंतुकानुसार दंड न आकारता कार्यवाही समाप्त झाल्याची नोंद घ्यावी, ही विनंती. आवश्यक वाटल्यास सुनावणीस उपस्थित राहण्याची कंपनीची तयारी आहे."

आकुर्डीच्या_वाटेवर

उत्तम. "मान्य आहे" हे वाक्य ठेवलेत, हे विशेष आवडले, कारण कसूर नाकारणे आणि दुरुस्तीचा लाभ मागणे या दोन गोष्टी एका पत्रात बसत नाहीत. दोनच सूचना. जोडलेल्या पावत्या शुल्क भरल्याच्या आहेत ना, हे पाहा. नुसता एसआरएन निघाला आणि शुल्क बाकी राहिले, तर फॉर्म दाखल झाला असे धरता येत नाही. आणि नोटीस कंपनीबरोबर व्यवस्थापकीय संचालक, वित्त अधिकारी व सचिव यांनाही आली असेल, तर उत्तर चौघांच्याही वतीने आहे, असे स्पष्ट लिहा आणि प्रत्येकाचे अधिकारपत्र जोडा. केवळ कंपनीचे उत्तर गेले आणि अधिकाऱ्यांच्या नावापुढे 'उत्तर नाही' अशी नोंद झाली, असे घडते.

वसईचा_वकील

कारणांचे वाक्य मी अजूनही काढले असते. परंतु ते राहिल्याने बिघडेल, असे वाटत नाही.

कोथरूडची_सचिव

पावत्या शुल्क भरल्याच्याच आहेत. नोटिशीत चौघांचीही नावे आहेत, त्यामुळे अधिकारपत्रे सोमवारी घेऊन मगच उत्तर अपलोड करीन. कंपनीचा नोंदणीकृत ईमेलही व्यक्तीच्या नावाऐवजी पदाच्या नावाने करून घेत आहे.

मांजराकाठ

मी वेगळा धागा काढला आहे. वही मिळाली. दुसऱ्या वर्षाची पाने कोरी आहेत.